बिल पास होतं, पण करतं कोण?

रविवारच्या लेक्चरला मी मुद्दाम मागच्या बाकावर बसतो, कारण शनिवारी सेकंड शिफ्ट असते आणि डुलकी लागलीच तर मॅडमच्या नजरेत यायला नको. वाळूजला एका कंपनीत स्टोअरला आहे, आणि संभाजीनगरला रविवारी एमबीए करतोय, घरच्यांच्या भाषेत "तो शिकायला जातो" एवढंच. त्या रविवारी विषय होता खरेदीची प्रोसेस, म्हणजे मागणीपासून पेमेंटपर्यंत. मला वाटलं आज आपला दिवस आहे, आपण रोज हेच तर करतो. मॅडमनी तासभर शिकवलं, छान शिकवलं, आणि शेवटी म्हणाल्या, "आज जे ऐकलं त्याचा स्विमलेन डायग्राम काढून आणायचा, पुढच्या रविवारी." झालं. घरी येऊन वही उघडली तेव्हा कळलं की वहीत सगळं आहे, फक्त माणसं नाहीत.

वहीतलं जसंच्या तसं लिहितो. विभागाकडून मागणी नोंदवली जाते. तिला मंजुरी दिली जाते. ऑर्डर काढली जाते. माल येतो. माल तपासला जातो. बिल पास होतं. पेमेंट होतं.

सात वाक्यं. आता यात कोण काय करतं ते शोधा. पहिल्या वाक्यात तरी "विभागाकडून" आहे, बाकी सहा वाक्यात कोणीच काही करत नाही, सगळं आपोआप होतं, पाऊस पडतो तसं बिल पास होतं. आपली मराठी या बाबतीत लई सोयीची भाषा आहे. "कप फुटला" म्हणलं की फोडणारा सुटला. ऑफिसात तर आपण असंच बोलतो, "फाईल पुढं गेलीय", "सही राहिलीय", "एंट्री झाली नाही". फाईलला काय पाय असतात? पण बोलताना खटकत नाही, ऐकताना खटकत नाही, आणि लेक्चरमध्ये तर अजिबातच नाही, कारण लेक्चर ऐकताना क्रम कळला की सगळं कळलं असं वाटतं. डायग्राम काढायला बसलं की पहिल्याच चौकोनाला अडतं, कारण चौकोन कागदावर कुठंतरी ठेवावा लागतो, आणि स्विमलेनमध्ये "कुठंतरी" म्हणजे कोणाच्या तरी पट्ट्यात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, स्विमलेन म्हणजे कागदावर आडवे पट्टे आखायचे, प्रत्येक पट्टा एका भूमिकेचा, आणि काम डावीकडून उजवीकडं सरकत जातं. जे काम ज्याचं ते त्याच्या पट्ट्यात. काम एकाकडून दुसऱ्याकडं गेलं की बाण पट्टा ओलांडतो. पोहण्याच्या तलावात दोऱ्या लावून लेन करतात ना त्यावरून नाव पडलं, आता आम्ही पोहायला शिकलो विहिरीत, पाठीला डबा बांधून, तिथं कसली लेन, वरून कोण अंगावर उडी मारेल सांगता यायचं नाही. ही पद्धत लोकांपर्यंत नेली ती गियरी रमलर आणि अॅलन ब्रेश या दोघा अमेरिकन सल्लागारांनी, 1990 च्या सुमाराला. त्यांचं म्हणणं असं की कंपनीच्या तक्त्यात खात्यांचे चौकोन असतात आणि सगळे त्या चौकोनांकडंच बघतात, पण काम बिघडतं ते चौकोनांच्या मधल्या पांढऱ्या जागेत, जिथं एका खात्याचा हात सुटतो आणि दुसऱ्याचा अजून लागलेला नसतो. हे मला वाचून पटलं नव्हतं. मामाच्या बिलामुळं पटलं.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, मूळचे अंबड तालुक्यातले, वाळूजलाच पत्र्याच्या शेडमध्ये दोन लेथ मशीन टाकून जॉबवर्क आणि छोटे पार्ट बनवतात. उद्यम नोंदणी वगैरे सगळं आहे. त्यांनी एका कंपनीला (माझ्या नाही, दुसऱ्या) 500 बुश बनवून दिले होते, एक नग 42 रुपये, म्हणजे 21,000 चं बिल, जीएसटी सोडून. माल दिला 3 जूनला. मी वही घेऊन डोकं खाजवत बसलो होतो तेव्हा ऑगस्टचा मधला आठवडा चालू होता आणि मामा समोर खाटेवर बसून त्याच बिलाला शिव्या देत होते. फोन केला की तिकडून एकच उत्तर, "तुमचं बिल सिस्टीममध्ये होल्डला आहे." मी विचारलं, "होल्डला ठेवलं कोणी?" मामा म्हणाले, "सिस्टीमनं." बघा, परत तेच.

मग मी ठरवलं की पुस्तकातल्या कंपनीचा डायग्राम काढण्यापेक्षा मामाच्या या बिलाचाच काढू, क्रम तोच आहे, मॅडमनी सांगितला तोच. भिंतीवरचं मोठं कॅलेंडर काढलं, त्याची मागची बाजू कोरी होती, फूटपट्टीनं पट्टे आखले.

पहिली चूक मी पट्ट्यांच्या नावातच केली. "कंपनी" असा एक पट्टा आणि "मामा" असा एक पट्टा. दोनच. मग कंपनीच्या पट्ट्यात सगळे चौकोन एका रांगेत, एकही बाण कुठं ओलांडत नाही, सगळं सुरळीत. मामांच्या बाजूनं कंपनी दिसते तशी हीच, एक बंद पेटी, माल आत जातो, पैसे बाहेर येतात, किंवा येत नाहीत. हे चित्र चुकीचं नाही, पुरवठादाराला तेवढंच दिसतं, पण याच्यावरून बिल कुठं अडकलं ते सात जन्मात कळणार नाही. दुसऱ्या खेपेला मी उलट टोकाला गेलो, माणसांची नावं टाकली. आमच्या स्टोअरच्या अनुभवावरून अंदाजानं, हे साहेब, ते साहेब, गेटवरचा काका. ते पण बरोबर नाही, कारण गेटवरचा माणूस सेकंड शिफ्टला बदलतो आणि प्रोसेस तीच राहते, आणि आमच्याकडं तर रात्री स्टोअरवालाच क्यूसीच्या, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या खात्याच्या, कपाटाची किल्ली सांभाळतो, एक माणूस दोन भूमिका. म्हणून पट्टा भूमिकेचा, माणसाचा नाही आणि अख्ख्या कंपनीचा पण नाही. शेवटी सहा पट्टे झाले. मागणी करणारा विभाग, प्लांट हेड, खरेदी, स्टोअर, क्यूसी, अकाउंट्स. गेटला मी आधी वेगळा पट्टा दिला होता, पण गेटवर फक्त नोंद होते आणि शिक्का पडतो, म्हणून तो चौकोन स्टोअरच्या पट्ट्यात घेतला. याचा नंतर थोडा पश्चात्ताप झाला, पुढं सांगतो.

आणि "सिस्टीम" या नावाचा पट्टा काढायचा का? मोह होतो. ईआरपी आहे, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर, बटन दाबलं की पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, छापून येतो. पण मी एक नियम केला स्वतःपुरता, सॉफ्टवेअर जर कोणी काही न दाबता स्वतःहून काही करत असेल तरच त्याला पट्टा. कोणीतरी दाबतं म्हणून ते करतं, तर पट्टा दाबणाऱ्याचा. नाहीतर सगळ्या गैरसोयीच्या गोष्टी त्या एका पट्ट्यात जाऊन बसतात आणि त्या पट्ट्याला फोन करता येत नाही.

मामाला मी कंपनीच्या सहा पट्ट्यांबरोबर सातवा पट्टा दिला नाही. त्यांच्यासाठी खाली वेगळी चौकट. ही डायग्रामची जी ठरलेली पद्धत आहे, बीपीएमएन म्हणतात, तिच्यात असा फरक आहे की एका संस्थेची एक मोठी चौकट, तिला पूल म्हणतात, आणि तिच्या आत लेन. पूलच्या आत काम सलग रेघेच्या बाणानं पुढं जातं. पण एका पूलमधून दुसऱ्या पूलमध्ये सलग बाण नेता येत नाही, तिथं तुटक रेघ, म्हणजे निरोप. चिठ्ठी, माल, बिल, फोन, जे काय असेल ते. आधी मला हा नुसता काटेकोरपणा वाटला, सलग काय नि तुटक काय. पण विचार केला तर बरोबर आहे. आत कंपनी आपल्या माणसाला सांगू शकते की हे झालं की ते कर. बाहेरच्याला फक्त कळवू शकते, पुढं तो काय करेल ते त्याचं. आणि न कळवता तो काही करेल ही अपेक्षा तर ठेवताच येत नाही.

मामा वाकून बघत होते. "हे काय करायलास?" मी सांगितलं, ज्याचं काम त्याच्या पट्ट्यात. ते म्हणाले, "म्हंजे सोयाबीनात तुरीचे तास धरतो तसं. पेरा एकच, पण तास ज्याचं त्याचं." मॅडमपेक्षा हे बरं समजावलं त्यांनी. मग म्हणाले, "तर मंग माझं बिल कोणाच्या तासात पडलंय ते दाव."

तर ते दाखवायला बसलो. मामांकडं चलनाची कॉपी होती, गेटचा शिक्का 3 जून. ऑगस्टमध्ये भांडून मिळवलेली जीआरएनची कॉपी होती, म्हणजे माल मिळाल्याची स्टोअरची नोंद, तिच्यावर तारीख 9 जून, मिळाले 500, स्वीकारले 480, नाकारले 20. आणि अकाउंट्सवाल्यानं फोनवर सांगितलं होतं की आमच्याकडं बिल 20 जूनला इनवर्ड झालंय.

मॅडमच्या सात वाक्यांना आता एकेक करून "कोण?" विचारत गेलो. पहिली तीन सोपी गेली. मागणी विभागाची, मंजुरी प्लांट हेडची, ऑर्डर खरेदीची, तुटक बाण मामाकडं. चौथं वाक्य, "माल येतो". हे काम नाहीच. माल येणं ही स्टोअरच्या दृष्टीनं घटना आहे, काम मामाचं, पाठवण्याचं. अशा घटनेला चौकोन नाही, गोल. फरक एवढ्यासाठी की घटनेची वाट बघावी लागते, आणि वाट कोण बघतंय हे चित्रात दिसलं पाहिजे.

पाचवं वाक्य, "माल तपासला जातो". इथं दोन माणसं निघाली. स्टोअरवाला नग मोजतो, क्यूसीवाला माप बघतो, व्हर्नियर लावून. आणि तपासणीनंतर डायमंड काढला की दोन वाटा फुटतात, पास आणि नापास. लेक्चरमध्ये फक्त पासची वाट होती. तो जो डायमंड असतो ना, शंकरपाळ्यासारखा, त्याच्याबद्दल एक चूक सगळे करतात, मी पण केली. डायमंडमध्ये लिहिलं "माल बरोबर आहे का?" आणि समजलो की झालं. पण डायमंड काही ठरवत नाही. तो फक्त फाटा आहे. ठरवणारा चौकोन त्याच्या आधी पाहिजे आणि तो कोणाच्या तरी पट्ट्यात पाहिजे. क्यूसीच्या पट्ट्यात "माप तपासणे" असा चौकोन, मग त्याच पट्ट्यात डायमंड, आणि त्यातून निघणाऱ्या प्रत्येक रेघेवर लिहायचं की ही कधीची वाट. मामांच्या केसमध्ये तर तिसरी वाट निघाली, थोडा पास थोडा नापास, 480 आणि 20. पुस्तकात माल एकतर चांगला असतो नाहीतर वाईट. वाळूजमध्ये तो नेहमी 480 आणि 20 असतो.

आता सहावं वाक्य, "बिल पास होतं", सगळी भानगड याच्या पोटात. अकाउंट्सवाला तीन कागद शेजारी ठेवतो, पीओ, जीआरएन आणि बिल. पीओ सांगतो 500 नग 42 ने मागवले. जीआरएन सांगतं 480 स्वीकारले. बिल सांगतं 500 चे 21,000 द्या. 480 ला 42 ने गुणा, 20,160. फरक 840. तीन कागद जुळले तर बिल पुढं, नाही जुळले तर थांबवायचं. मॅडमनी पण हेच सांगितलं होतं, वहीत आहे, "फरक असल्यास बिल थांबवलं जातं." मी अकाउंट्सच्या पट्ट्यात चौकोन काढला, "बिल होल्डला ठेवणे", आणि पेन तिथंच थांबला. कारण या चौकोनातून बाहेर जाणारा बाणच नाही. बिल होल्डला गेलं, मग? कोण कोणाला काय सांगतं की ते होल्डमधून निघेल?

डायग्राम तपासायची साधी युक्ती हीच आहे. प्रत्येक चौकोनावर बोट ठेवायचं आणि विचारायचं, इथून पुढं कुठं. शेवटचा जाड गोल सोडला तर प्रत्येकातून काहीतरी निघालंच पाहिजे. जिथं निघत नाही तिथं खऱ्या कंपनीत कागदांचा ढीग असतो, बघायला जायची गरज नाही.

840 रुपये वजा करून 20,160 देता आले असते. त्याला बिलातून तेवढे पैसे कमी केल्याचा कागद लागतो, कंपनीनं काढला तर डेबिट नोट, मामानं स्वतः दिला तर क्रेडिट नोट. मामा म्हणाले, "मला सांगितलं असतं तर मी त्याच दिवशी दिली असती. वीस नगासाठी कोण भांडतं?" सांगितलंच नव्हतं कोणी. त्यांना वीस नग नाकारल्याचं कळलं ऑगस्टमध्ये, फोनवर, पेमेंट मागायला गेले तेव्हा. मग डेबिट नोट कोणी काढायची? मामांनी त्या फोननंतर फिरून फिरून तिघांना विचारलं होतं. खरेदीवाले म्हणाले ते अकाउंट्सचं काम. अकाउंट्स म्हणाले खरेदीनं लिहून दिल्याशिवाय आम्ही कसं काढणार. स्टोअर म्हणालं आम्ही रिजेक्शन स्लिप फाईलला लावली, आमचं काम झालं. तिघंही खरं बोलत होते, हे मला कागदावर दिसलं तेव्हा राग यायचा बंद झाला. तिघांच्याही पट्ट्यात आपापले चौकोन पूर्ण होते. "डेबिट नोट काढणे" हा चौकोन मी कागदाच्या तुकड्यावर लिहून या पट्ट्यातून त्या पट्ट्यात सरकवत राहिलो, आणि शेवटी खरेदी आणि अकाउंट्सच्या मधल्या रेघेवर ठेवला. मधे स्टोअर आणि क्यूसीचे पट्टे होते म्हणून ते पट्टे वर सरकवून परत सगळं आखलं, अर्धा तास गेला त्यात. (ज्यांचा एकमेकांशी जास्त संबंध त्यांचे पट्टे शेजारी ठेवा, हे पण तेव्हाच शिकलो, नाहीतर बाणांचं जाळं होतं आणि वाचणारा पहिल्या मिनिटाला कंटाळतो.)

मग तारखा टाकल्या बाणांवर. हे मॅडमनी सांगितलं नव्हतं, पण मामांना तारखांशिवाय काही कळत नव्हतं. 3 जूनला गेट. 9 ला जीआरएन. 20 ला अकाउंट्स. तपासायला सहा दिवस लागले, ठीक आहे, क्यूसीत एकच माणूस असेल. पण 9 ते 20 हे अकरा दिवस काय झालं? त्या काळात कोणीच काही करत नव्हतं. कुठल्याच चौकोनात ते दिवस बसत नाहीत, ते नुसत्या बाणावर आहेत, स्टोअरकडून अकाउंट्सकडं जाणाऱ्या एका बाणावर. बिल मालाबरोबर गेटवर येतं, गेटवरून स्टोअरमध्ये, तिथं ट्रेमध्ये पडतं. आणि मला एकदम आठवलं की आमच्या कंपनीत त्या ट्रेमधली बिलं अकाउंट्सला नेणारा माणूस मीच आहे. शनिवारी. एकदाच. गठ्ठा करून, रबर लावून. रोज दोन जिने चढायचे कशाला म्हणून. म्हणजे एखादं बिल सोमवारी आलं तर ते पाच दिवस माझ्या ट्रेमध्ये झोपतं, आणि मी कधी स्वतःला प्रोसेसमधला उशीर समजलो नाही. मी हे मामांना त्या दिवशी सांगितलं नाही. आता इथं लिहितोय, ते वाचत नाहीत.

अकाउंट्सवाल्यांनी मामांना सांगितलं होतं, "45 दिवसांची क्रेडिट आहे, 20 जूनपासून धरा." म्हणजे 4 ऑगस्ट. इथं मला जरा शोधाशोध करावी लागली. सूक्ष्म, लघु उद्योगांसाठी 2006 चा कायदा आहे, एमएसएमईडी, त्यात असं आहे की लेखी करार असला तरी पेमेंटची मुदत 45 दिवसांच्या पुढं जाऊ शकत नाही, आणि करारच नसेल तर 15 दिवस. पण मोजायचं कधीपासून? बिल अकाउंट्सच्या टेबलावर पोचल्यापासून नाही. माल स्वीकारल्याच्या दिवसापासून. आणि स्वीकारला कधी धरायचा, तर माल दिल्यापासून 15 दिवसांत खरेदीदारानं लेखी हरकत घेतली नाही तर माल दिला तोच दिवस. हरकत घेतली असेल तर पुरवठादारानं ती दूर केली तो दिवस.

आता कागदावर बघा. क्यूसीनं 9 जूनला, म्हणजे सहाव्या दिवशी, वीस नग नाकारले. लेखी नाकारले, स्लिप आहे. 15 दिवसांच्या आत आहे. कंपनीच्या बाजूनं सगळं बरोबर होतं, फक्त ती स्लिप कंपनीच्या पूलमधून बाहेरच आली नाही. क्यूसीकडून स्टोअरकडं सलग बाण, स्टोअरच्या फाईलमध्ये शेवट. मामांकडं जाणारी तुटक रेघ नाहीच. मग मामांच्या दृष्टीनं हरकत कसली आणि कोणी घेतली? घड्याळ 3 जूनलाच चालू झालं, आणि 45 वा दिवस 18 जुलै. अकाउंट्सच्या हिशोबात 4 ऑगस्ट. सतरा दिवसांचा फरक, आणि दोघंही 45 च मोजतायत. मी वकील नाही, पण एवढं गणित कॅलेंडरच्या पुढच्या बाजूला मोजता येतं. इथंच मला गेटचा पट्टा काढून टाकल्याचा पश्चात्ताप झाला, कारण ज्या शिक्क्यापासून घड्याळ चालू होतं तो शिक्का मी स्टोअरच्या गर्दीत लपवून टाकला होता. परत खोडलं, गेटला पट्टा दिला, सात झाले.

मुदत टळली तर व्याजाची तरतूद पण आहे त्या कायद्यात, रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ. मी उत्साहात मामांना वाचून दाखवलं. ते हसले. "कायदा दावला तर पैसे येतील रे. पुढची ऑर्डर कोण देईल, तू?" यावर माझ्याकडं चौकोन नव्हता.

रविवारी डायग्राम दाखवला. कॅलेंडरच्या कागदावरून लॅपटॉपवर draw.io मध्ये नीट काढून नेला होता, कंपनीचं नाव काढून, मामांच्या जागी "पुरवठादार" टाकून. मॅडमनी बराच वेळ बघितला आणि रेघेवरच्या चौकोनावर बोट ठेवलं. "हा कोणाचा?" मी म्हणालो, "मॅडम, कोणाचाच नाही, खरंच तसंच आहे, म्हणून मुद्दाम रेघेवर ठेवला." मला वाटलं कौतुक होईल. त्या म्हणाल्या, "दोन मार्क गेले. रेघेवर चौकोन ठेवता येत नाही." मी वाद घातला, आहे तसं दाखवायचं म्हणाला होता ना तुम्ही. मग त्यांनी विचारलं, "आत्ता या क्षणी बिलाचा कागद कोणाच्या टेबलावर आहे?" अकाउंट्सच्या, ड्रॉवरमध्ये. "मग अकाउंट्सच्या लेनमध्ये 'डेबिट नोटची वाट पाहणे'. हे आहे तसं. डेबिट नोट काढणे हे काम आज होतच नाही ना? मग ते आजच्या चित्रात कशाला काढलंस? जे होत नाही ते काढायचं नाही. ते पुढच्या चित्रात, कसं व्हायला पाहिजे त्यात. आणि तिथं मात्र एकाच लेनमध्ये."

हे मला तेव्हा टोचलं, पण बरोबर होतं. रेघेवर चौकोन ठेवून मी तेच केलं होतं जे "बिल पास होतं" या वाक्यानं केलं होतं, काम सांगितलं आणि माणूस सोडून दिला. मी जाताना धीर करून म्हणालो, "मॅडम, लेक्चरमध्ये पण सात वाक्यात कोणीच नव्हतं." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "पुस्तकात नव्हतं कोणी, म्हणून माझ्यात पण नव्हतं. म्हणून तर काढून आणायला सांगितलं."

दुसरं चित्र काढलं, जसं व्हायला पाहिजे तसं. त्यात फार काही बदललं नाही, लोकांना वाटतं सगळं उलटंपालटं करावं लागतं, तसं नसतं. क्यूसीच्या नापास वाटेवरून एक तुटक रेघ मामांकडं, रिजेक्शन स्लिपची, त्याच दिवशी. मामांच्या चौकटीत एक चौकोन, "क्रेडिट नोट देणे". तिथून तुटक रेघ अकाउंट्सकडं. डेबिट नोट कोण काढणार हा वादच उरला नाही, कारण काम पुरवठादाराकडं गेलं, ज्याला ते करायची घाई आहे. दोन रेघा आणि एक चौकोन. मामा ज्या कंपनीला माल देतात तिच्यात हे चित्र कोणी बघणार नाही हे मला माहीत होतं, तिथं आपलं कोण ऐकतं. पण त्यातला मामांचा भाग मामांच्या हातात होता, आणि त्यांनी तो कॅलेंडरचा कागद माझ्याकडून मागून घेतला, शेडमध्ये लेथच्या मागं चिकटवला, आता त्याच्यावर ऑइलचे डाग आहेत. त्यांचं ते 20,160 सप्टेंबरमध्ये आलं, व्याज वगैरे काही नाही, मागितलं पण नाही त्यांनी.

मी बिलं आता मंगळवारी आणि शुक्रवारी नेतो. रोज नेत नाही, खोटं कशाला बोलू, दोन जिने आहेत.

परवा दुपारी मामांचा फोन आला, मागं ट्रकचा आवाज, त्याच कंपनीच्या गेटवरून बोलत होते. नवीन लॉट दिला होता, आणि या वेळी माल टाकून परत न येता क्यूसीच्या पोराला चहा पाजून तिथंच बसले होते तपासणी होईपर्यंत, चार तास. सात नग रिजेक्ट झाले होते. आवाज असा की जणू नवीन ऑर्डर मिळालीय. "तुझी ती तुटक रेघ हाय ना," म्हणाले, "हातात घेऊन उभा हाय बग, सही-शिक्क्यासकट."